कापडी पिशवीचा अर्धा इंच

‘शुद्ध कापडी पिशव्या. सर्व साईज. होलसेल भाव. प्लॅस्टिकला उत्तम पर्याय.’ कापडी पिशव्यांच्या दुकानाच्या पाटीवर किंवा व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोखाली बहुतेक वेळा एवढाच मजकूर असतो. वाचणाऱ्याला वाटतं, सगळं कळलं. पण पिशवी घेण्यापुरती माहिती यातल्या एकाही ओळीत नाही. कापड कोणतं आणि किती जाड? साईज धुण्याआधीची की धुतल्यानंतरची? होलसेल म्हणजे पन्नास नग की पाचशे? आणि पर्याय म्हणजे कशाला पर्याय, किराणाच्या पिशवीला की मासळीच्या?

हे प्रश्न पूर्वी दुकानदाराला पडत नव्हते, कारण प्लॅस्टिकच्या पिशव्या तो किलोवर घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी तरतूद त्यात आली. त्या वर्षीच्या जूनपासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली आणि किराणावाले, मिठाईवाले, औषधवाले पिशव्या शिवून घ्यायला निघाले. बचत गटांना कामं मिळाली, यंत्रमागाच्या गावांतलं कोरं कापड पिशव्यांकडे वळलं. पण किलोवर पिशवी घेण्याची सवय झालेला माणूस कापडाचा भाव करायला बसला, की तो फक्त एकच प्रश्न विचारतो : ‘एक नग कितीला?’ पिशवी किती दिवस टिकणार, हे त्या प्रश्नाने ठरत नाही. ते ठरतं कापडाच्या वजनावर, पन्ह्यावर आणि बंद जिथे शिवला जातो त्या दोन इंचांवर.

आधी ‘शुद्ध कापडी’चं पाहू. बाजारात कापडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांपैकी रंगीबेरंगी, हलक्या, हाताला किंचित कडक लागणाऱ्या बऱ्याच पिशव्या मुळात कापडाच्या नसतातच. त्यांना नॉनवोव्हन म्हणतात. पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लॅस्टिकचे बारीक तंतू पसरून, उष्णता आणि दाब देऊन ते एकमेकांना चिकटवतात. विणकाम त्यात नसतं. पिशवी उजेडासमोर धरली तर तिच्यावर ओळीने बारीक ठिपके दिसतात. ते या चिकटवण्याचे ठसे. कडेचा धागा ओढून पाहा. विणलेल्या कापडातून एक लांब धागा सरळ सुटून येतो, नॉनवोव्हनमधून फक्त तूस निघतं. तरीही शंका उरली तर कडेची चिंधी चिमट्यात धरून काडी लावावी. सुती कापड कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी राखाडी राख उरते. नॉनवोव्हन आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात दोन्ही दिसतं, थोडी राख आणि तिच्यात टोचणारे कडक कण.

नॉनवोव्हन विकणं बेकायदा आहे असं नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी या पिशव्यांसाठी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली. पण ज्या नियमात ही अट आहे तो प्लॅस्टिक कचऱ्याचा नियम आहे, कापडाचा नाही. तेव्हा ‘कापडी’ म्हणून ती विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असं मला स्पष्ट वाटतं. उन्हात राहिली की ती चुरचुरते, तिचे तुकडे गटारात जातात आणि तिथे ते प्लॅस्टिकसारखेच वागतात.

खऱ्या सुती पिशवीसाठी आपल्याकडे सर्रास वापरतात तो कोरा मांजरपाट. कोरा म्हणजे मागावरून उतरल्यावर न धुतलेला, ब्लीच न केलेला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांच्या यंत्रमागांवर असं कापड विणलं जातं. त्याचा रंग पिवळसर दुधाळ, मधूनमधून सरकीच्या टरफलाचे तपकिरी कण. हे कण म्हणजे दोष नाहीत, उलट कापड ब्लीचच्या रसायनांतून गेलेलं नाही याची ती खूण आहे.

जाडी सांगण्याचं माप म्हणजे जीएसएम, एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोनी तुकडा नीट कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा आणि आलेल्या वजनाला शंभराने गुणावं. १.३ ग्रॅम भरला तर कापड १३० जीएसएमचं. किराणा-भाजीच्या पिशवीला १२० ते १५० पुरेसं होतं. नव्वदच्या आसपासचं कापड औषधाच्या गोळ्यांना, प्रसादाला, हळदीकुंकवाच्या वाणाला ठीक. त्यात चार किलो बटाटे भरले की बंदाजवळ जाळी पडू लागते. दोनशेच्या पुढे कॅनव्हास सुरू होतं. ते पुस्तकांना, डब्याला उत्तम, पण घडी करून खिशात मावत नाही आणि वाळायला पावसाळ्यात दोन दिवस घेतं.

वजनाच्या या हिशेबात एक खोट दडलेली असते, ती म्हणजे खळ. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चची खळ लावतात. कोऱ्या कापडात ती तशीच राहते, त्यामुळे कापड हाताला जाड आणि ताठ लागतं. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि तेच कापड मऊ, विरळ होतं. दुकानात भक्कम वाटलेली पिशवी घरी धुतल्यावर ‘वेगळीच’ का वाटते, त्याचं हे कारण. म्हणून वजन करायचं ते तुकडा गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून. धुण्याआधी आणि धुतल्यानंतरच्या वजनात दहा टक्क्यांपर्यंत फरक पडला तर चालवून घ्यावा. पाव भाग वजन उतरलं तर तुम्ही कापडाच्या भावात खळ घेतली.

तोच तुकडा धुण्याआधी आणि नंतर पट्टीने मोजला की आटण्याचाही अंदाज येतो. कोरं सुती कापड लांबीत साधारण पाच टक्के आटतं, कधी त्याहून जास्त. सोळा इंच उंचीची पिशवी धुतल्यावर सव्वापंधरा इंच भरली तर ती शिवणाऱ्या बाईची चूक नसते, तो कापडाचा स्वभाव आहे. दुकानाने साईज लिहिताना ‘धुण्याआधी’ असा शब्द टाकला तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

आता साईज. बाजारात बोलायची पद्धत इंचांत, आधी रुंदी मग उंची : आठ-दहा, दहा-बारा, बारा-चौदा, चौदा-सोळा, सोळा-अठरा. पहिली वाणाची, दुसरी औषधांची, मधली दोन भाजी-किराणाची, शेवटची कापड दुकानाची किंवा महिन्याच्या सामानाची. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आकडा पिशवी सपाट पसरून घेतलेला असतो आणि वस्तू सपाट नसते, इथे घोटाळा होतो.

एक मिठाईवाला नऊ इंच लांब आणि सात इंच रुंद खोक्यासाठी दहा-बाराच्या पिशव्या मागवतो. नऊचं खोकं दहात सहज जाईल असा त्याचा हिशेब. खोकं आडवं, पेढे सांडणार नाहीत असं ठेवायला गेलं की पिशवीचं तोंडच पुरत नाही. नियम सोपा आहे : साध्या, तळ नसलेल्या पिशवीची रुंदी ही खोक्याची लांबी अधिक रुंदी एवढी तरी हवी. पिशवीच्या दोन बाजू मिळून खोक्याच्या चारही कडांना वेढा घालतात, म्हणून. नऊ अधिक सात सोळा, शिवाय हात फिरायला अर्धा-पाऊण इंच. म्हणजे दहा नव्हे, साडेसोळा इंच रुंदीची पिशवी लागते.

अशा वस्तूंसाठी पिशवीला तळ देतात. खालचे दोन्ही कोपरे आतून तिरपे शिवले की चार इंच रुंद बूड तयार होतं आणि पिशवी टेबलावर उभी राहते. पण कापड वाढलेलं नसतं, फक्त वाटून घेतलेलं असतं. चौदा-सोळाच्या पिशवीला चार इंचांचा तळ दिला की समोरची बाजू दहा इंच उरते आणि उंची चौदा. गिऱ्हाइकाला चौदा-सोळाही हवी असते आणि वर चार इंचांचा तळही. ती पिशवी मुळात अठरा-अठराची कापावी लागते आणि तिचा भाव वेगळा असतो. हा फरक ऑर्डर घेतानाच कागदावर काढून दाखवावा, कारण तोंडी बोलण्यात तो नेहमी हरवतो.

मोठ्या ऑर्डरचा भाव कसा बनतो, ते एका उदाहरणाने पाहू. तालुक्याच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराला दिवाळीत नेहमीच्या गिऱ्हाइकांना द्यायला पाचशे पिशव्या हव्यात असं धरू. तो बचत गटाच्या ताईंकडे येतो आणि म्हणतो, ‘‘ताई, चौदा-सोळाची पाचशे, एका रंगात दुकानाचं नाव.’’ ताईंकडे ४४ इंच पन्ह्याचा, १३० जीएसएमचा कोरा मांजरपाट आहे.

पिशवीचं अंग एकाच तुकड्यात कापतात आणि खाली नुसती घडी येते, तिथे शिवण नसते. वजन सगळं बुडावर पडतं आणि जिथे शिवण नाही तिथे उसवण्याचाही प्रश्न नाही, म्हणून ही पद्धत. दोन बाजूंचे सोळा-सोळा मिळून बत्तीस इंच, तोंडाशी दुमडायला दोन्हीकडे दीड-दीड इंच, एकूण पस्तीस इंच लांबी. रुंदीत चौदा आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीची माया, म्हणजे पंधरा. आता हे पंधरा इंची तुकडे ४४ च्या पन्ह्यावर शेजारी शेजारी मांडले तर दोन बसतात, तीस इंच जातात आणि चौदा इंच उरतात. तिसऱ्याला फक्त एक इंच कमी पडतो. उरलेल्या पट्टीतून बंद निघतात, तरीही काही कापड छोट्या तुकड्यांच्या रूपाने पडून राहतं. हिशेब केला तर एका पिशवीला साडेसतरा इंच कापड लागतं. पाचशेला सुमारे २२२ मीटर.

ताई विचारतात, ‘‘शेठ, चौदाऐवजी साडेतेरा केली तर चालेल?’’

साडेतेराला माया धरून तुकडा साडेचौदाचा होतो. असे तीन तुकडे म्हणजे साडेत्रेचाळीस इंच, ४४ मध्ये बरोबर बसतात आणि कडेला फक्त काठाची अर्धा इंची पट्टी उरते. बंद आता वेगळे कापावे लागतात. एक बंद चोवीस इंच लांब. तीन इंच रुंद पट्टी चौपदरी दुमडून पाऊण इंचाची करायची. चोवीस इंच कापडात आडव्या पन्ह्यात असे चौदा बंद निघतात. तीन पिशव्यांना सहा बंद लागतात, त्यासाठी सव्वादहा इंच कापड. म्हणजे तीन पिशव्यांना पस्तीस अधिक सव्वादहा, आणि एका पिशवीला जेमतेम पंधरा इंच. पाचशेला सुमारे १९२ मीटर. गिऱ्हाइकाच्या लक्षातही न येणाऱ्या अर्ध्या इंचाने तीस मीटर कापड वाचलं. पिशवीत जाणारं सामान तेच, टिकाऊपणा तोच, कमी झाली ती चिंधी.

म्हणून दुकानाने ‘सर्व साईज’ लिहू नये, असं माझं मत आहे. आपल्याकडच्या पन्ह्यात चिंधी न पडता बसणाऱ्या चार-पाच साईज ठरवाव्यात आणि त्याच लिहाव्यात. ज्याला वेगळीच हवी त्याला ती जरूर शिवून द्यावी, पण ती महाग का पडते तेही सांगावं.

पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, गावागणिक आणि हंगामागणिक ते बदलतात. मांडणी मात्र हीच राहते. कापड मीटरला पन्नास रुपये धरू. १९२ मीटरवर डाग, गाठी, ताग्याचं शेवटचं टोक यांसाठी चार टक्के जादा घेतले की दोनशे मीटर, दहा हजार रुपये. पिशवीमागे वीस. शिलाई सात रुपये. कापणी, दोरा आणि वीज मिळून दोन. छपाईची शाई आणि मजुरी तीन. इस्त्री, मोजणी, गठ्ठे बांधणं एक. हे झाले तेहतीस. याशिवाय काही खर्च पिशव्या कितीही असोत, एकदाच होतो : छपाईची जाळी तयार करणं, नमुना शिवणं, कापड आणायचा टेम्पो. तो दीड हजार धरला तर पाचशे पिशव्यांत प्रत्येकीवर तीन रुपये येतो. छत्तीस. त्यावर भाडं, मशीनची दुरुस्ती, नफा यांचे सहा मिळवले की बेचाळीस रुपये.

हाच हिशेब पन्नास पिशव्यांचा केला तर? तोच दीड हजार पन्नासांत वाटला जातो, म्हणजे पिशवीमागे तीस रुपये. अख्खा तागा घेता येत नाही, सुटं कापड महाग पडतं, तिथे आणखी पाच जातात. भाव सत्तरीच्या पुढे, पंच्याहत्तरच्या आसपास पोचतो. आणि दोन हजार पिशव्यांचा? एकदाच होणारा खर्च पिशवीमागे पाऊण रुपयावर येतो, कापडात रुपयाभराची सूट मिळते, भाव एकोणचाळीसच्या आसपास थांबतो. पन्नासवरून पाचशेवर जाताना भाव जवळजवळ निम्मा होतो; पाचशेवरून दोन हजारांवर जाताना फक्त सव्वातीन रुपये उतरतो. कारण शिलाई दोन हजाराव्या पिशवीलाही तेवढीच लागते. जीएसटी आणि गिऱ्हाइकापर्यंतचं भाडं या सगळ्यावर वेगळं.

हे समजलं की ‘बावीस रुपयांत देतो’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं तेही समजतं. वीस रुपये हवेतून कमी होत नाहीत. एक तर कापड नव्वद जीएसएमचं आहे, किंवा त्यात पॉलिस्टर आहे, किंवा बंद अठरा इंचांचे आहेत आणि पिशवी खांद्याला अडकतच नाही. पारख करायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वर सांगितलेल्या साडेतेरा-सोळाच्या पिशवीत बंदांसकट सुमारे ०.४२ चौरस मीटर कापड जातं. १३० जीएसएमचं असेल तर पिशवी ५५ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. अडतीस-चाळीस भरली तर कापड नव्वदचं आहे, दुकानदार काहीही म्हणो.

भाव कमी करण्याची आणखी एक जागा असते आणि ती सर्वांत वाईट : शिलाई. सरावलेल्या बाईच्या हातून दिवसाला साठ पिशव्या झाल्या तर सात रुपयांच्या दराने तिला चारशे वीस रुपये मिळतात. चार रुपयांवर आणलं तर दोनशे चाळीस. मग ती दिवसात साठऐवजी नव्वद शिवायला बघते आणि टाके विरळ होतात. इंचाला आठ ते दहा टाके हवेत. पट्टी लावून मोजावेत. पाचच भरले तर शिवण ताणाखाली दात दाखवते.

पिशवी फाटते ती बहुधा बुडाशी नाही, बंदाशी. बंदाचं टोक पिशवीच्या तोंडावर नुसतं ठेवून एक आडवी शिवण मारली असेल तर सगळा भार त्या एका ओळीवर येतो. बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीच्या आत घालायचं, वर वळवायचं आणि चौकोन शिवून त्याच्या आत फुली मारायची, ही खरी रीत. चौकोन आणि फुली दिसली की निम्मी परीक्षा झाली. शिवाय बंद नेहमी ताग्याच्या लांबीत, म्हणजे उभ्या धाग्यात कापलेला असावा. उभा धागा जास्त पीळदार आणि ताणलेला असतो, आडव्या धाग्यात कापलेला बंद वजनाने हळूहळू लांबत जातो. आतल्या शिवणीच्या कडांना ओव्हरलॉक नसेल तर चार धुण्यांत धागे सुटून माया खाल्ली जाते आणि मग शिवण मोकळी होते.

छपाईत फसगत होते ती खळीमुळेच. शाई कापडाऐवजी खळीवर बसली तर पहिल्या धुण्यात दुकानाचं नाव पुसट होतं. पाण्यात मिसळणारी पिगमेंट शाई वापरून छपाईनंतर गरम प्रेस किंवा कडक इस्त्रीने ती पक्की करावी लागते. नुसती दोरीवर वाळवून चालत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने नावावर दहा-बारा वेळा घासावं. फडक्याला रंग लागला तर ऑर्डर परत पाठवायची तयारी ठेवावी. म्हणूनच आगाऊ रक्कम देण्याआधी एक नमुना घ्यावा, तो गरम पाण्यात धुवावा, वाळल्यावर मोजावा, सहा किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगावा आणि सकाळी बंदाजवळचे टाके पाहावेत. मगच बाकीच्या पिशव्यांना हो म्हणावं.

हे सगळं दुकानाच्या पाटीत मावतं का? मावतं. ‘कोरा सुती मांजरपाट, धुतल्यावर १२० जीएसएम. साईज धुण्याआधीची : १०×१२, साडेतेरा×१६. बंद चोवीस इंची, चौकोन-फुली शिलाई, सहा किलोपर्यंत. ५० नग ७४ रुपये, ५०० नग ४२ रुपये, एका रंगाच्या छपाईसह. मासे, मटण, दही यांसाठी नाही, त्याला डबा.’ एवढं लिहिणाऱ्या दुकानाशी भाव करताना गिऱ्हाइकही सरळ बोलतं.

शेवटच्या त्या वाक्याकडे आता येऊ, कारण ‘प्लॅस्टिकला पर्याय’ ही ओळ सर्वांत ढिली असते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं की एकदाच वापरून फेकायच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानापुरता तोच आकडा ५२ आला. पाणी, ओझोन वगैरे सगळ्या कसोट्या लावल्यावर तो ७,१०० वर गेला. हे आकडे दाखवून ‘मग प्लॅस्टिकच बरं’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना सांगायला हवं की गटारं तुंबणं, गाईच्या पोटात पिशव्या जाणं, नदीकाठी त्यांचे थर साचणं, हे या हिशेबात धरलेलंच नाही. आपल्याकडे तर मुख्य दुखणं तेच आहे.

पण अभ्यासातला मुद्दा खोटा नाही. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते. सूत कातायला आणि विणायला वीज लागते. भार कापडाच्या वजनावर ठरतो. ब्रिटनच्या अभ्यासातली सुती पिशवी सुमारे १८० ग्रॅमची होती, आपली ५५ ग्रॅमची. वजनाच्या प्रमाणात ढोबळ अंदाज केला तर १३१ चा आकडा चाळीसच्या आसपास येतो. आठवड्यातून दोनदा भाजीला नेली तर पाच महिन्यांत पिशवीने आपलं देणं फेडलं. म्हणून जाड, भारी कॅनव्हासची पिशवी जास्त पर्यावरणपूरक, हा समज उलटा आहे. कामाला पुरेल एवढंच जाड कापड घ्यावं आणि ते वापरून जीर्ण करावं. घरात कपाटाच्या खणात पडलेल्या, लग्नात आणि परिषदांत मिळालेल्या पंधरा पिशव्या म्हणजे पंधरा न फिटलेली देणी. जुन्या सुती साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी मात्र सुरुवातीपासूनच जवळजवळ देणं-मुक्त असते, कारण ते कापड आधीच एक आयुष्य जगून झालेलं असतं.

बाकीच्या पर्यायांचं थोडक्यात. कागदी पिशवी पाव, औषधं, कोरडा खाऊ यांना चांगली. पावसाळ्यात ती बाजारातून घरापर्यंत पोचेलच असं नाही. ज्यूटची पिशवी भक्कम, पण आत हात घालून पाहावा. गुळगुळीत चकचकीत अस्तर लागलं तर तो प्लॅस्टिकचा थर आहे आणि ती धुताही येत नाही. ‘कंपोस्ट होणारं प्लॅस्टिक’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्या कारखान्यासारख्या खतप्रकल्पात, साठ अंशांच्या जवळपासच्या उष्णतेत कुजतात. नाल्यात टाकल्या तर नाल्यातच राहतात. ओल्या वस्तूंना स्टीलच्या डब्याला तोड नाही. मासळी बाजारात डबा घेऊन जाणाऱ्या बायका हे कुणी शिकवण्याआधीपासून करत आल्या आहेत.

राहिला तो किराणा दुकानदार आणि त्याच्या पाचशे पिशव्या. त्या दिवाळीला फुकट वाटल्या तर बऱ्याचशा घरांत जातील आणि तिथेच राहतील, कारण घरात पिशवी असूनही दुकानात येताना ती विसरणं ही सर्वांची अडचण आहे. तमिळनाडूत सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या पिवळ्या कापडी पिशवीची, मंजप्पैची, मोहीम पुन्हा सुरू केली आणि बाजारात दहा रुपयांत पिशवी देणारी यंत्रं बसवली, ती नेमकी या विसरण्यासाठी. दुकानदाराला यंत्राची गरज नाही. त्याने पाचशेपैकी दोनशे पिशव्या गल्ल्यामागे ठेवाव्यात, ४२ रुपये अनामत घेऊन द्याव्यात आणि पिशवी परत आली की पैसे परत करावेत. परत आलेली पिशवी धुऊन पुन्हा फिरवायची, बंद उसवलेली ताईंकडे दुरुस्तीला पाठवायची. दुकानाचं नाव त्यासाठी मोठ्या अक्षरांत छापू नये. तळहाताएवढं, एका कोपऱ्यात असावं, म्हणजे गिऱ्हाइकाला तीच पिशवी दुसऱ्या दुकानात न्यायलाही संकोच वाटणार नाही.